अंडा फ्राइड राइस, नोंद सातवी: गोळे भातामुळे नव्हते

रविवारी पुन्हा गोळे झाले. भाऊ-वहिनी ठाण्याहून आमच्याकडे कोपरखैरण्याला जेवायला आले होते. भात आदल्या रात्रीचा होता, कढई धूर निघेपर्यंत तापवली होती, मागच्या नोंदीत ठरवलेलं सगळं पाळलं होतं. तरी ताटात सुपारीएवढे पिवळे गोळे पडले. वहिनी म्हणाली, "चव छान आहे हो भाऊजी." चव छान होतीच. पण मला फडफडीत भात हवा आहे.

यावेळी एक गोष्ट केली, ती आधीच करायला हवी होती. एक गोळा ताटाच्या कडेला घेऊन बोटांनी हळूच सोडवला. शीत दाबून पाहिलं तर लगदा होत नव्हता, चांगलं कडक होतं. दोन शितांच्या मधे मात्र अंड्याचा पातळ पापुद्रा होता आणि तो सोलून निघत होता. म्हणजे भात निर्दोष, चिकटवलं ते अंड्याने. तुमच्याकडे गोळे होत असतील तर आधी हेच करून बघा. शीत चिरडलं तर भात ओला किंवा जास्त शिजलेला आहे, पापुद्रा सुटला तर अंड्याची वेळ चुकली आहे. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत, आणि मी तीन महिने चुकीचं औषध देत होतो.

भाताची बाजू आता पक्की आहे, म्हणून थोडक्यात. वाशीच्या बाजारातला जुना कोलम, वाटीला पावणेदोन वाट्या पाणी. इंद्रायणी या कामाला नको, ती जात्याच चिकट. शिजल्यावर परातीत पसरून पंख्याखाली ठेवतो आणि तासाभराच्या आत फ्रिजमध्ये टाकतो, वर सैल झाकण. रात्रभरात आतला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि वरचा ओलावा उडतो, शिळ्या भाताचं सगळं गुपित एवढंच. रात्रभर ओट्यावर मात्र ठेवू नका. भातातले काही जिवाणू बीजाणूंच्या रूपात शिजवूनही टिकतात, उबेत वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं एक विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. पावसाळ्यात नवी मुंबईच्या हवेत तर अजिबात नको.

आता अंडं. सोमवारपासून रोज संध्याकाळी एकच माप: २५० ग्रॅम भात, दोन अंडी चिमूटभर मीठ घालून फेटलेली, दोन चमचे तेल. फक्त अंडं आणि भात कधी भेटतात ती वेळ बदलली.

सोमवारी भात आधी परतून त्यावरच अंडं ओतलं. सगळ्यात वाईट, भात ओला आणि पिवळा झाला. मंगळवारी अंडं तेलात पूर्ण शिजवून मग भात घातला. शितं सुटी झाली, पण अंड्याचे रबरासारखे तुकडे वेगळे आणि भात वेगळा, एकमेकांची ओळखच नाही. बुधवारी मधली वेळ साधली. अंडं ओतल्यावर कडा फुगून वर आल्या, मधला भाग अजून चकाकत होता, तेव्हा भात टाकला. माझ्या शेगडीवर हे साधारण दहा सेकंदांत होतं. वेळ अगदी बरोबर होती, तरी गोळे!

इथे वैतागलो. मग थर्मामीटर काढला, तोच लांबून रोखायचा. रिकामी कढई २७० अंश दाखवत होती. फ्रिजमधला भात चार-पाच अंशांवरचा. तो पडल्यावर अर्ध्या मिनिटाने भाताचा पृष्ठभाग जेमतेम चाळीसवर होता. अंड्याचा पांढरा भाग साठच्या पुढे घट्ट व्हायला लागतो, पिवळा त्याहूनही वर. म्हणजे अर्धकच्चं अंडं थंड भाताला भेटलं की शिजायचं थांबतं आणि तसंच कच्चं राहतं. त्या वेळात मी कालथ्याने ते शिताशितांवर सारवत होतो. नंतर भात तापला की तेच अंडं डिंकासारखं जागच्या जागी घट्ट. मोठ्या ज्वालेची चायनीजची गाडी हा खड्डा काही सेकंदांत भरून काढते, घरच्या शेगडीला ते जमत नाही.

मी हे आईला सांगत होतो, ती दुसऱ्या दिवशीच्या फोडणीच्या भातासाठी शिळा भात हाताने मोकळा करत होती. ती सहज म्हणाली, "अरे, मग भातच आधी गरम करून घे ना. माझ्यासारखं झाकण ठेवून वाफ नको आणू म्हणजे झालं."

गुरुवारी तेच केलं. भात अर्धा तास आधी बाहेर काढला आणि ओल्या हाताने फोडून घेतला. कोरड्या हाताने शितं तुटतात. एक चमचा तेल तापवून भात एकटाच परतला, मोठ्या आचेवर, सतत न ढवळता. पसरायचा, पंधरा सेकंद तसाच सोडायचा, मग उलटायचा. तीनेक मिनिटांनी कढईतून तडतड आवाज येतो आणि काही शितं उडायला लागतात, तीच खूण. हा गरम भात ताटात काढला. कढई पुन्हा धुरापर्यंत, दुसरा चमचा तेल, अंडं, कडा फुगल्या, मधे चकाकी, आणि गरम भात आत. लगेच कालथ्याच्या सरळ धारेने दाबून फोडत परतला. चाळीस सेकंदांत अंड्याचा ओलेपणा वाफ होऊन गेला. प्रत्येक शितावर फिकट पिवळा रंग, मधे अंड्याचे मऊ बारीक तुकडे, आणि कढई हलवली की भात वाळूसारखा घरंगळत होता! शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, मी चमचाभर शितं ताटात पसरली, सगळी सुटी. सोया सॉस शेवटी एक चमचा, भातावर नाही, कढईच्या तापलेल्या कडेवरून.

शुक्रवारी मुद्दाम ५०० ग्रॅम घेतला, पुन्हा गोळे आले, कमी पण आले. आमच्या शेगडीची मर्यादा एका वेळी ३०० ग्रॅम, दोन माणसांपुरतं. पाहुणे असतील तर दोन घाणे.

कढईबद्दल: जांभळी नाक्याच्या भांडीबाजारातून घेतलेली साधी लोखंडी पत्र्याची कढई अजून सगळ्यात चांगली. ऑनलाइन मागवलेल्या गोल बुडाच्या वोकचं बूड घरच्या बर्नरवर नीट बसत नाही, आच कडेला वाया जाते. नॉनस्टिक रिकामं इतकं तापवायचंच नसतं, त्यामुळे ते बाद.

पुढे जास्त दाबाची शेगडी घ्यायची असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. आता तो बेत रद्द, गरम भाताने काम झालं. हे लिहितानाच दुसरं सुचलं: फक्त पिवळा बलक थंड भातालाच आधी चोळून ठेवला आणि पांढरा वेगळा शिजवला तर? पांढऱ्यात बहुतेक पाणीच असतं, आणि ओलावा तोच आणतो. बलकात स्निग्धांश भरपूर, त्यामुळे तो शितांना चिकटवण्याऐवजी सुटं ठेवील असा माझा अंदाज आहे. १५० ग्रॅमला एक बलक घेऊन बघणार. परातीत कोलम पसरून ठेवलाय, पंखा सुरू आहे.