काम घेतलं, पण पुढे सरकेना

“सोसायटीच्या समितीत एखाद्याने काम अंगावर घेतलं आणि केलंच नाही, तर तुम्ही काय करता? पगार नाही, त्यामुळे कापता येत नाही. आणि काढून तर कुणालाच टाकता येत नाही.”

मी फोन करते. ग्रुपवर विचारत नाही, हे पथ्य सचिव झाल्यापासून पाळलंय. “छताच्या कोटेशनचं काय झालं?” असं सगळ्यांसमोर विचारलं की समोरचा माणूस कामाचं उत्तर देत नाही, स्वतःची अब्रू सांभाळतो. साऱ्या इमारतीच्या डोळ्यांदेखत “मला जमत नाहीये” असं कोण लिहील? “होतंय” असं लिहून मोकळा होतो, आणि त्यानंतर खरं काय ते सांगणं त्याला आणखी जड जातं.

फोनवरही “झालं का?” असं विचारत नाही. “कुठे अडलंय?” असं विचारते. पहिल्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं, आणि नाही म्हणणं म्हणजे कबुलीजबाब. दुसऱ्या प्रश्नात अडणं गृहीतच धरलेलं असतं, त्यामुळे माणूस बोलायला लागतो.

उत्तर ऐकताना माझा कान तपशिलाकडे असतो. “मंगळवारी एक जण येऊन छत बघून गेला, दर शनिवारी देतो म्हणालाय” असं कुणी सांगितलं, तर उशीर झाला असला तरी काम चालू आहे. “बोललोय त्यांच्याशी”, “बघतोय”, “माझ्या लक्षात आहे” अशी उत्तरं आली, त्यात ना माणूस ना वार, की काम थांबलंय असं मी समजते. त्यात खोटेपणा असतोच असं नाही. बहुतेक वेळा त्या माणसाला पुढचं पाऊल कोणतं हेच कळलेलं नसतं.

छताचंच उदाहरण सांगते. आमच्याकडे वरच्या मजल्यावर दोन घरांत ओल येत होती. वॉटरप्रूफिंगसाठी तीन कोटेशनं आणायचं काम तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सभेत आपणहून घेतलं. आठवडे गेले तरी कागद एकही नाही. फोन केला. बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर काका म्हणाले, “अगं, दोघं येऊन गेले. एक म्हणतो जुना कोबा फोडून नवा करा, दुसरा म्हणतो वरून केमिकलचा थर पुरे. मी कुणाचं ऐकू? चुकीचं काही आणलं तर सगळे मलाच धरतील.”

काका आळशी नव्हते, आम्हीच त्यांना काम चुकीच्या आकाराचं दिलं होतं. “तीन कोटेशनं आणा” हे ऐकायला एक काम वाटतं, पण त्यात चार कामं आहेत. छत मोजायचं आणि भेगा कुठे आहेत, पाणी कुठे साचतं ते कागदावर मांडायचं. नेमकं काय करून हवंय ते ठरवायचं. मग तोच कागद तिघांना देऊन दर मागायचे, आणि आलेले दर शेजारी शेजारी ठेवून बघायचे. पहिली दोन कामं झाल्याशिवाय तिसऱ्याला अर्थच नाही, कारण एकाने कोब्याचा दर दिला आणि दुसऱ्याने केमिकलचा, तर स्वस्त कोण हे कुणालाच सांगता येत नाही. काकांना लोकांशी बोलायची हौस आहे, कंत्राटदारांच्या मागे लागणं त्यांना जमतं. तांत्रिक निर्णय मात्र त्यांना एकट्याने घ्यायचा नव्हता, आणि तो घेण्याचा अधिकार तरी आम्ही त्यांना कुठे दिला होता?

मी म्हटलं, “काका, दर आणायचं तुमच्याकडेच राहू द्या. मोजमाप आणि काय करायचं त्याचा कागद तुमच्या हातात आला की सुरू करा.” ते लगेच हो म्हणाले, आवाज सुद्धा मोकळा झाला.

आता मोजमापाला माणूस हवा होता. अशा वेळी ग्रुपवर “कुणी मदत करेल का?” असं टाकायचा मोह होतो. डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. इंटरकॉमवर बोलताना पलीकडच्या माणसाला झटका आल्याचं ऐकू यायचं. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के लोक झटका ओसरण्याआधीच मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटत होतं, तेव्हा 31 टक्केच उठले. तिथे जीवाचा प्रश्न होता, तरी ही गत. छताला टेप लावायला कोण उठणार? म्हणून मी दुसऱ्या विंगमधल्या, सिव्हिल इंजिनिअर असलेल्या एका मुलालाच फोन केला. “रविवारी सकाळी दोन तास हवेत. छत मोजायचं, भेगांवर खडूने खुणा करायच्या, फोटो काढायचे आणि काय करावं लागेल ते एका पानावर लिहायचं. पुढचं काही तुझ्याकडे नाही.” शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालते. हो म्हटलं की आयुष्यभर अडकू, या भीतीनेच पुष्कळ लोक नाही म्हणतात.

त्याचं पान समितीने बैठकीत मंजूर केलं, त्यामुळे निर्णयाचं ओझं एकट्या कुणावर राहिलं नाही. ते घेऊन काका कामाला लागले आणि तिन्ही दर आले, तेही एकाच कामाचे. इतिवृत्तात “समितीने कोटेशनं मागवली” असं लिहिलं नाही. मोजमाप कुणी केलं, दर कुणी आणले, ते नावानिशी लिहिलं.

दरम्यान मला कितीतरी जणांनी सुचवलं होतं, “तूच करून टाक ना, एका दिवसाचं काम.” खरंच होतं ते. पण सचिवाने गुपचूप काम उरकलं की ज्याने ते घेतलं होतं तो माणूस दुखावतो आणि पुढच्या बैठकीला येत नाही. बाकीचे काय शिकतात? थांबलं की होतं. असं दोन-तीनदा झालं की समिती कागदावर उरते आणि काम एकटीच्या गळ्यात पडतं.

त्या अनुभवापासून काम देतानाच मी एक तारीख जास्तीची ठरवते, काम परत करायची. कोटेशनं महिनाअखेर हवी असतील, तर दहा तारखेला बोलायचं आणि तोवर सुरुवात झाली नसेल तर काम माझ्याकडे परत, कारण विचारायचं नाही. ही तारीख सर्वांसमोर, काम घेणाऱ्याच्या तोंडून ठरते. त्या दिवशी माझा फोन गेला तर तो तगादा वाटत नाही, आणि दुसरा माणूस शोधायला मला वीस दिवस मिळतात. घरात आजारपण निघतं, नोकरीत धावपळ वाढते, अशा वेळी लोक खरोखर काम परत देतात.

सगळीच कामं अशी सांभाळून घेता येत नाहीत. बँकेतल्या सह्या, हिशेबतपासणी, लिफ्टची देखभाल यात उशीर झाला तर भुर्दंड किंवा धोका सगळ्यांना. तिथे मी पहिल्या दिवसापासून दोन माणसं ठेवते आणि कागदपत्रं दोघांकडे देते. एक थांबला तरी दुसऱ्याला सुरुवातीपासून उलगडत बसावं लागत नाही.

आणि काम सोडतही नाही, करतही नाही, वर दुसऱ्याला हातही लावू देत नाही, असा माणूस असतोच. त्याला अध्यक्ष आणि मी दोघं मिळून समोरासमोर सांगतो की येत्या बैठकीत हे काम दुसऱ्याकडे देण्याचा विषय घेत आहोत. बैठकीत त्याच्या स्वभावावर एक अक्षर बोलत नाही. काम, नवं नाव, नवी तारीख, एवढाच ठराव. तो समितीवर राहतो, मतही देतो. कधी कधी महिना-दोन महिने बोलत नाही. तेवढं मी सोसते, कारण वरच्या मजल्यावरच्या घरातली ओल तोवर थांबलेली नसते.