तिला माझ्यापेक्षा मार्क जास्त होते

“ताई, तिसऱ्या अटेम्प्टला तू असं वेगळं काय केलंस?”

८८ मार्क कमी पाडले. गंमत करत नाहीये. २०२४ च्या नीटला मला ७२० पैकी ६२२ होते आणि मी घरी बसले. २०२५ ला ५३४ पडले आणि आज मी सरकारी मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. हे सांगितलं की विचारणारी मुलगी क्षणभर गप्प होते आणि मग म्हणते, “ते असू दे गं, पण स्ट्रॅटेजी काय होती?” आत्याच्या नणदेपासून अभ्यासिकेतल्या ज्युनियरपर्यंत सगळ्यांना तेच हवं असतं. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी नुसतं हे पाठवीन.

बारावीबरोबर दिलेला पहिला अटेम्प्ट सोडून देऊ, त्यात सांगण्यासारखं काही नाही. लातूरची ट्यूशन एरिया, कॉट बेसिसची खोली, रिपीटर बॅच, मेसची भाजी, हेही तुम्हाला माझ्याकडून ऐकायची गरज नाही. गोष्ट आहे ती दुसऱ्या अटेम्प्टची.

२९ मे २०२४ ला अ‍ॅन्सर की आली. माझ्या ओएमआरची स्कॅन केलेली प्रत समोर ठेवून मी एकेक गोल पडताळला. १६० बरोबर, १८ चूक, दोन सोडलेले. चारने गुणा, अठरा वजा करा, ६२२. बाबा एसटीत कंडक्टर आहेत, हिशेबात कच्चे नाहीत. त्यांनी तिकिटांच्या पॅडच्या मागे पुन्हा गुणाकार केला आणि म्हणाले, “बरोबर आहे.” आदल्या वर्षी ओपनमधून सहाशेला राज्याच्या कोट्यातून सरकारी सीट मिळत होती. त्यामुळे आमच्या घरी ती जवळजवळ मिळालेलीच होती.

निकाल १४ जूनला लागणार होता, तो ४ जूनलाच संध्याकाळी लागला. त्या दिवशी लोकसभेची मतमोजणी होती, घरात टीव्ही मोठ्याने चालू, शेजारचे दोघं-तिघं येऊन बसलेले. मी मोबाइलवर स्कोअरकार्ड उघडलं. ६२७! पाच मार्क वाढले होते. बाबांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि शेजारच्या काकांना दाखवला, “पाच वाढलेच की!” मी तोवर खाली सरकून रँक बघितली होती. पन्नास हजारांच्या आसपासची. आदल्या वर्षी एवढ्याच मार्कांना वीस हजारांच्या आतली रँक होती.

“बाबा, सीट नाही मिळणार.”

“का? मार्क वाढलेत ना?”

“हो.”

“मग?”

मी सांगायला लागले. अभ्यासक्रमातले धडे कमी केले होते, पेपर सोपा गेला होता, बसणारी मुलं वीस लाखांवरून तेवीस लाखांवर गेली होती, पैकीच्या पैकी मिळवणारेच ६७ निघाले होते. मला जसे वाढले तसे सगळ्यांचेच वाढले, आणि माझ्यापेक्षा कितीतरी जणांचे जास्त वाढले. बाबा टीव्हीकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे मतं वाढली आन् सीट पडली.” मी हो म्हणाले. काका उठून गेले, काकू मात्र चहा संपेपर्यंत बसल्या. मला अजूनही वाटतं की त्यांनीही उठायला हवं होतं.

ते वाढलेले पाच मार्क कुठून आले, हे दोन दिवसांनी कळलं. भौतिकशास्त्रात अणूवर एक प्रश्न होता, दोन विधानं देऊन कोणतं बरोबर ते विचारलेलं. दुसरं विधान असं की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत हे वाक्य तसंच होतं. नव्या आवृत्तीत ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ असं केलेलं आहे, आणि खरं तेच आहे, किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू कुठे स्थिर असतात? माझं पुस्तक मावसभावाकडून आलेलं, कव्हर उडालेलं, जुन्या आवृत्तीचं. मी दोन्ही विधानं बरोबर धरली. अ‍ॅन्सर कीमध्ये ते चूक होतं, मुलांनी हरकती घेतल्यावर अंतिम कीमध्ये दोन्ही पर्याय ग्राह्य धरले गेले. चुकीचा एक वजा झालेला परत आला आणि बरोबरचे चार मिळाले, म्हणून पाच.

पुढचे दोन महिने तुम्हाला माहीत आहेत. ग्रेस मार्क, १५६३ मुलांची फेरपरीक्षा, पेपरफुटीच्या बातम्या, सुप्रीम कोर्ट. ७१८ आणि ७१९ मार्कांची स्कोअरकार्डं फिरली तेव्हा अख्खी अभ्यासिका हसली होती, कारण एक प्रश्न सोडला तर ७१६ होतात, एक चुकला तर ७१५, मधलं काही होतच नाही. मला आशा एकच, सगळी परीक्षा परत होईल. २३ जुलैला कोर्टाने ती नाकारली आणि त्या अणूच्या प्रश्नाचंही मिटवलं. आयआयटी दिल्लीच्या तिघा तज्ज्ञांनी एकच पर्याय बरोबर ठरवला, नव्या आवृत्तीचा. २६ जुलैच्या सुधारित निकालात माझे पाच गेले, चार लाखांहून जास्त मुलांचे गेले. मी परत ६२२ वर आले. फरक काहीच पडणार नव्हता, सीट आधीच गेलेली होती. तरी त्या पाच मार्कांसाठी मी जेवढी रडले तेवढी रँकसाठी रडले नव्हते. त्या पुस्तकावर मी वर्षभर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

आता तिसरं वर्ष. इथे तुम्ही वही-पेन घेऊन बसला असाल, पण फार काही निघणार नाही. नव्या नोट्स मी काढल्याच नाहीत. टेस्ट सिरीजचे मार्क लिहून ठेवणं बंद केलं. त्याऐवजी चुकलेला प्रश्न लिहायचा आणि पुढे तो का चुकला ते: येतच नव्हता, येत होता पण नीट वाचला नाही, की वेळ पुरला नाही. आदल्या वर्षीच्या अठरा चुका तशा मांडल्या तेव्हा बऱ्याच मधल्या खणात पडल्या. ‘चुकीचं विधान कोणतं’ असं विचारलेलं आणि मी पहिलंच बरोबर विधान दिसताच गोल काळा केलेला. त्यावर उपाय साधा होता: प्रश्नातला नकाराचा शब्द आधी अधोरेखित करायचा, मग पर्याय वाचायचे. जीवशास्त्रात याचा फायदा झाला, हे मान्य.

पण म्हणून सीट मिळाली असं म्हणू? ४ मे २०२५ चा पेपर आठवा. आदल्या वर्षी २०० पैकी १८० सोडवायचे होते, प्रत्येक भागात पाच टाकून द्यायची मुभा आणि तीन तास वीस मिनिटं. यंदा मुभा गेली, वीस मिनिटंही गेली. आणि ते फिजिक्स! मी नेहमीसारखं जीवशास्त्र आधी, मग रसायन, फिजिक्स शेवटी घेतलं. पन्नासेक मिनिटं हातात होती. पहिल्या काही प्रश्नांतच कळलं की हे मिनिटाला एक होणारं काम नाही. जो प्रश्न वाचून रस्ता दिसला नाही त्याच्या आकड्याला गोल करून पुढे गेले. शेवटी चौदा प्रश्न राहिले ते राहिलेच. बाहेर येऊन बाबांना म्हणाले, “गेलं.” ते काही बोलले नाहीत, उसाचा रस घेऊन दिला.

१६६ सोडवलेले, १४० बरोबर, २६ चूक, ५३४. आदल्या वर्षी १८ चुका, यंदा २६. अ‍ॅन्सर की आली त्या रात्री हा आकडा आम्ही कुणाला सांगितला नाही. आत्याचा फोन आला तर आई म्हणाली, “बरा गेलाय.” १४ जूनला निकाल लागला, देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६, आणि माझी रँक वीस हजारांच्या आत. पेपर सगळ्यांनाच अवघड गेला होता. मला जरा कमी अवघड गेला होता, एवढंच.

माझ्या क्लासने चौकात फ्लेक्स लावला, त्यावर माझा फोटो आणि रँक आहे. मार्क नाहीत. ६२२ वाल्या मुलीला, म्हणजे २०२४ च्या मला, त्याच क्लासमधून जूनमध्ये फोन आला होता तो पुढच्या बॅचच्या फीसाठी.

त्या मुलीशी माझं अजून भांडण चालतं. मी म्हणते, तू यंदाच्या फिजिक्सला पहिल्याच लांबलचक गणितावर दहा मिनिटं घालवली असतीस, तुला प्रश्न सोडून देववत नव्हता, तो सुटेपर्यंत तू उठायची नाहीस. ती म्हणते, आणि तू चौदा गोल कोरे ठेवून आलीस? मी मागे फक्त दोन ठेवले होते. तिचा हिशेब बरोबर आहे. निगेटिव्ह मार्किंगची भीती सगळे घालतात, पण चारातला एक डोळे मिटून मारला तरी चारात एकदा चार मिळतात आणि तीनदा एक जातो, म्हणजे सरासरी पाव मार्क पदरात पडतोच. तिने शेवटच्या मिनिटात ते चौदाही काळे केले असते. माझ्याकडे ते मिनिट होतं. का वापरलं नाही, सांगता येत नाही, हात थंड पडले होते.

मी म्हणते, तुझी वही नसती तर मी इथे नसते. ती म्हणते, मग फ्लेक्सवर तुझा फोटो का? मी कधी कधी म्हणते की तू फक्त चुकीच्या वर्षी बसलीस, आणि लगेच वाटतं, हे तर मी स्वतःला चुचकारायला म्हणतेय. तिच्याच वर्षी तिच्यापुढे हजारो जण गेलेच ना, सगळे काही फुटलेल्या पेपरवर गेले नव्हते. मग वाटतं, यंदाचा पेपर २०२४ सारखा आला असता तर मी कुठे असते? पुढच्या वर्षी नर्सिंगचा फॉर्म भरायचा असं आम्ही ठरवलंच होतं.

स्ट्रॅटेजी हवी असणाऱ्यांनी वही घेऊन जा. जी काय आहे ती २०२४ चीच आहे, तिसऱ्या वर्षाची मागची चारच पानं चुकांची. मावसभावाचं फिजिक्सचं पुस्तकही मागता, तेही देईन. पण त्याची आवृत्ती जुनी आहे, अणूचा धडा नव्यातून वाचा.