सेकंदाला १५० एमबीची डिस्क ०.४ एमबीच का देत होती

मार्चअखेर होता. दिंडोरी रोडवरच्या एका आडत पेढीतून सकाळी साडेनऊला शेठचा फोन आला. "भाऊ, सर्व्हरची डिस्क गेली बहुतेक. येताना नवीच घेऊन या."

मी नाशिकमध्ये छोट्या पेढ्यांची कॉम्प्युटर देखभाल बघतो. फोनवर डिस्क गेली असं कोणी म्हटलं की मी आधी रिकाम्या हाताने जातो. एकदा डिस्क बदलली की जुनीत नेमकं काय बिघडलं होतं हे कळायचा मार्ग बंद होतो.

पेढीत दिवाणजी वैतागून बसले होते. शेतकरीवार वर्षाचा हिशोब काढायचा होता. कुणाचा किती माल आला, किती पट्टी झाली, किती उचल गेली, हे सगळं त्यात येतं. बटण दाबलं की अर्धा तास पडद्यावर काही हलायचं नाही. वर्षात १,८०,००० पावत्या होत्या. आदल्या दिवशी आलेल्या डिस्क विक्रेत्याने Task Manager उघडून दाखवलं होतं: डिस्क १०० टक्के कामात, वेग मात्र सेकंदाला ०.४ एमबी. डिस्कच्या माहितीपत्रकात १५० एमबी छापलेले. त्याचं म्हणणं, डिस्क खराब आहे, जास्त वेगाच्या इंटरफेसची घ्या. ऐकणाऱ्याला हे पटण्यासारखंच होतं.

मी कॅबिनेटवर तळहात ठेवला. आतून बारीक, सलग थरथर येत होती. डिस्कच्या आत माहिती वाचणारं हेड सारखं जागा बदलत असलं की ती अशीच लागते. बिघडलेली डिस्क बहुधा वेगळी वाजते: ठराविक अंतराने टक्, मग शांतता, मग पुन्हा टक्. पण नुसत्या हातावर विसंबून चालत नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या स्मार्टच्या तपशिलात Reallocated Sectors Count, म्हणजे निकामी ठरवून बदललेल्या जागांचा आकडा, शून्य होता आणि इव्हेंट लॉगमध्ये डिस्कची एकही चूक नव्हती. म्हणून मी दिवाणजींकडून पावती पुस्तकाचा एक कोरा कागद मागून घेतला.

माहितीपत्रकात तीन आकडे होते: ७२०० आरपीएम, सरासरी सीक टाइम ८.५ मिलिसेकंद आणि सेकंदाला १५० एमबी. डिस्कवरची एक नोंद वाचायला तीन प्रकारचा वेळ एकापाठोपाठ लागतो. हेडला तबकडीवरच्या योग्य वर्तुळावर, म्हणजे ट्रॅकवर, जाऊन स्थिरावावं लागतं, तो सीक टाइम. मग ट्रॅकचा हवा असलेला तुकडा, म्हणजे सेक्टर, फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत थांबावं लागतं, ती रोटेशनल लेटन्सी. आणि शेवटी प्रत्यक्ष माहिती उचलली जाते, तो ट्रान्सफर टाइम. विक्रेत्याने दाखवलेले १५० एमबी हे फक्त या तिसऱ्या टप्प्याचे.

तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. घाईत मी हाच आकडा बेरजेत धरला. एका वाचनाला १६.९ मिलिसेकंद आले आणि सगळ्या पावत्यांना पन्नास मिनिटं. दिवाणजी लगेच म्हणाले, "नाही हो, अर्ध्या तासात येतो हिशोब." त्यांच्यामुळे चूक लक्षात आली. हेड पोचतं तेव्हा सेक्टर कधी अगदी समोर असतो, कधी नुकताच पुढे निघून गेलेला असतो, त्यामुळे सरासरीने अर्धाच फेरा थांबावं लागतं. म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. आणि एका वाचनातले ४ केबी उचलायला १५० एमबीच्या वेगाने ०.०३ मिलिसेकंदही लागत नाहीत.

```
8.50 + 4.17 + 0.03 = 12.70 ms
180000 × 12.70 ms = 2286 s ≈ 38 min
```

कागद शेठसमोर ठेवला आणि ०.०३ वर बोट ठेवलं. "शेठ, इंटरफेस कितीही वेगाचा घेतलात तरी कमी झाला तर एवढाच वेळ कमी होईल. तो अगदी शून्य झाला, तरी अडतीस मिनिटांतले पाच सेकंद वाचतील. बाकीचा सगळा वेळ हेड हलण्यात आणि चकती फिरण्यात जातोय."

तरीही ३८ मिनिटं आणि प्रत्यक्षातली वेळ जुळत नव्हती. घड्याळ लावून हिशोब पुन्हा चालवला, ३१ मिनिटं लागली. Performance Monitor मध्ये `Disk Reads/sec` ९७ च्या आसपास आणि `Avg. Disk sec/Read` ०.०१० दिसत होतं. म्हणजे एका वाचनाला १०.३ मिलिसेकंद. अर्ध्या फेऱ्यात सूट मिळणं शक्य नाही, ट्रान्सफर तर नगण्य, तेव्हा फरक सीकमध्येच असणार. वजाबाकी केली तर सीक ६.१ उरतो. माहितीपत्रकातला ८.५ हा हेड सगळ्या डिस्कभर इकडून तिकडे उड्या मारत असेल तेव्हाचा सरासरी आकडा असतो. इथे डिस्कचे दोन भाग केलेले होते आणि हिशोबाची फाइल एकाच भागात पसरलेली होती, त्यामुळे उड्या आखूड पडत होत्या. थोडी वाचनं डिस्कच्या स्वतःच्या कॅशमधूनही भागली असतील. अशा हिशोबात आलेला आकडा मोजणीपेक्षा थोडा जास्त निघाला तर मी काळजी करत नाही. मोजणी हिशोबाच्या दुप्पट-तिप्पट आली असती तर मात्र डिस्कवर संशय घेतला असता, कारण बिघडणारी डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत बसते.

आता ०.४ एमबीचा उलगडा करायला काही उरलं नव्हतं. सेकंदाला ९७ वाचनं, प्रत्येकी ४ केबी. गुणाकार केला की तोच आकडा येतो. डिस्क निरोगी होती आणि तिच्या अंगात होतं तेवढं सगळं देत होती.

चूक वाचण्याच्या क्रमात होती. पावत्या फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने पडलेल्या आणि हिशोब मागायचा शेतकऱ्याच्या क्रमाने. एकाच शेतकऱ्याच्या ऑक्टोबरमधल्या आणि फेब्रुवारीतल्या पावत्यांमध्ये इतरांच्या हजारो पावत्या. त्यात प्रत्येक पावतीला काटापट्टीचं स्कॅन त्याच फाइलमध्ये चिकटवलेलं, सरासरी १५० केबीचं. त्यामुळे फाइल २७ जीबी झालेली आणि सर्व्हरची रॅम ८ जीबी. ती रॅममध्ये मावत नव्हती, म्हणून दर पावतीला हेडला उठून जावं लागत होतं.

सॉफ्टवेअर लिहिणारा मुलगा पुण्यात असतो. त्याला फोनवर म्हटलं, "फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाच, स्कॅन सोडून दे, पावत्या मेमरीत घे आणि शेतकऱ्याप्रमाणे तिथे लाव." तो बिचकला. "दादा, आत्ता फक्त ७०० एमबी वाचतोय. तुम्ही सगळी २७ जीबी वाचायला सांगताय!" मी त्याला भागाकार करायला सांगितला. २७,००० एमबी भागिले १५० म्हणजे १८० सेकंद. सलग वाचताना हेडला लांब उड्या नाहीत आणि दर नोंदीला अर्धा फेरा थांबणंही नाही. पलीकडे थोडा वेळ तो काही बोलला नाही, मग म्हणाला, "करून बघतो."

संध्याकाळी सहाला बदललेला प्रोग्रॅम आला. दिवाणजींनी बटण दाबलं आणि सवयीने चहा मागवला. चहा यायच्या आत हिशोब पडद्यावर होता. चार मिनिटं आणि काही सेकंद. तीन मिनिटांच्या वर गेलेला वेळ फाइलच्या तुकड्यांचा आणि तबकडीच्या आतल्या ट्रॅकचा. आतल्या ट्रॅकवर एका फेऱ्यात कमी माहिती येते, त्यामुळे १५० एमबीचा वेग शेवटपर्यंत टिकत नाही.

शेठने विचारलं, "मग एसएसडी घेतली असती तर?" मी खरं तेच सांगितलं. तिच्यात हेडही नाही आणि चकतीही नाही, त्यामुळे पहिले दोन आकडे बेरजेतून निघूनच जातात आणि जुना प्रोग्रॅमही पळाला असता. ती जरूर घ्या, पण मार्चनंतर, सवडीने.

रविवारी त्या मुलाने स्कॅन वेगळ्या फाइलमध्ये काढले. उरलेल्या पावत्या जेमतेम ४६ एमबीच्या. आता पहिल्या वाचनानंतर त्या रॅममध्येच राहतात आणि दिवाणजी हिशोब दिवसातून चार वेळा काढतात.