तुम्ही विचारलंत म्हणून: बिलाच्या शीटमधला पैशाचा फरक

"तुमच्या शीटमध्ये सूट आणि जीएसटी बरोबर कसे जुळतात? आमच्या बिलात कधी एक पैसा कमी-जास्त होतो, कधी कराचा आकडाच वेगळा येतो."

माझं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे, आणि बिलं मी स्वतः बनवलेल्या शीटवरच करतो. पहिल्या वर्षी एका कंत्राटदाराने बिल परत पाठवलं होतं, कारण कराच्या ओळींची त्याने केलेली बेरीज माझ्या छापील बेरजेपेक्षा एक पैशाने कमी भरत होती. रक्कम क्षुल्लक, पण त्याच्या अकाउंटंटचं म्हणणं रास्त होतं: बिलावर छापलेले आकडे एकमेकांशी जुळलेच पाहिजेत.

तेच बिल थोडक्यात मांडतो. ७ स्विच ३८.५० दराने आणि १३ होल्डर ४६ रुपये दराने, दोन्हींवर ८ टक्के सूट, दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. सूट वजा करून पहिल्या ओळीत २४७.९४ आणि दुसरीत ५५०.१६ उरतात. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलंच, म्हणून केंद्राचा ९ टक्के आणि राज्याचा ९ टक्के. पहिल्या ओळीचा केंद्रीय कर २२.३१४६ येतो, दुसरीचा ४९.५१४४. सेलला दोन दशांश स्थळांचं फॉरमॅट असल्यामुळे पडद्यावर २२.३१ आणि ४९.५१ दिसतात, पण शीटच्या पोटात चारही स्थळं तशीच असतात. त्यांची बेरीज ७१.८२९, म्हणजे छापताना ७१.८३. कागदावर बेरीज करणाऱ्याला मात्र ७१.८२ मिळणार. फॉरमॅट नुसतं दाखवणं बदलतं, किंमत बदलत नाही. म्हणून पैशापर्यंत आणायचं काम फॉर्म्युल्यानेच आणि प्रत्येक ओळीतच करायचं.

माझ्या शीटमध्ये D मध्ये नग, E मध्ये दर, F मध्ये सूट टक्के, G मध्ये करपात्र रक्कम आणि H मध्ये कराचा दर आहे. F आणि H मध्ये टक्क्याचं चिन्ह न लावता साधा ८ किंवा १८ टाकतो. G, I (केंद्राचा कर) आणि J (राज्याचा कर) यांचे फॉर्म्युले असे:

```
G12: =IF(D12="","",ROUND(D12*E12*(1-F12/100),2))
I12: =IF(G12="","",ROUND(G12*H12/200,2))
J12: =I12
```

२०० ने भागायचं कारण १८ चे दोन भाग. सुरुवातीचा `IF` रिकाम्या ओळींसाठी आहे, नाहीतर बिलावर शून्यांची रांग छापली जाते. पण एक जपायचं: `""` हा मजकूर असतो. `SUM` तो सोडून देतो, `+` ने बेरीज केलीत तर `#VALUE!` येतं. तेच नगाच्या खान्यात "७ नग" असं टाइप केल्यावर होतं. तिथे फक्त आकडा टाका.

सुटीचा क्रम ही दुसरी जागा, आणि ही चूक सहज दिसत नाही. काही जण आधी मूळ ८६७.५० वर कर लावतात आणि एकूण बिलातून ८ टक्के कमी करतात. गंमत अशी की गिऱ्हाइकाने द्यायची रक्कम ९४१.७६ येते, बरोबर हिशेबाने ९४१.७४, म्हणजे दोन पैशांच्या फरकाने जवळपास तीच. त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पण बिलावर कर १५६.१५ दिसतो, खरा कर आहे १४३.६४. साडेबारा रुपयांचा जादा कर बिलावर दाखवून बसतो आपण. विक्रीच्या वेळीच दिलेली आणि बिलावर नोंदलेली सूट करपात्र किमतीत धरायची नाही, असं जीएसटी कायद्याचं कलम १५ सांगतं. म्हणून सूट कराच्या आधी, आणि तीही ओळीवरच. एकरकमी दोनशे रुपये सोडले, आणि बिलात ५ आणि १८ टक्क्यांचा माल मिसळलेला असला, तर ते दोनशे ओळींच्या रकमेच्या प्रमाणात वाटून टाकावे लागतात, नाहीतर कोणत्या दराचा कर किती घटला हे ठरतच नाही.

शेवटी राउंड ऑफ. ओळी १२ ते ३० बिलाच्या, तर:

```
K31: =ROUND(SUM(G12:G30)+SUM(I12:J30),2)
K32: =ROUND(ROUND(K31,0)-K31,2)
K33: =K31+K32
```

परराज्यातल्या गिऱ्हाइकासाठी आयजीएसटीचा वेगळा खाना लागतो. मी माल जिथे पुरवला त्या राज्याचा कोड एका सेलमध्ये हाताने निवडतो, महाराष्ट्राचा २७. जीएसटी क्रमांकाची पहिली दोन अक्षरं `LEFT` ने घेऊन ते ठरवणं मी सोडलं, कारण नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा क्रमांकच रिकामा असतो आणि शीट त्याला परराज्यातला समजते.

तुमची शीट तपासायची असेल तर वरच्याच दोन ओळी टाका. करपात्र रक्कम ७९८.१०, दोन्ही कर ७१.८२, बेरीज ९४१.७४, राउंड ऑफ ०.२६ आणि देय ९४२ यायला हवेत. कर ७१.८३ आला तर ओळीतला `ROUND` राहिलाय.