तीन अक्षरं आणि एक चौकोनी कंस

मी पुण्यात जर्मनमधून इंग्रजीत वैद्यकीय कागदपत्रांचं भाषांतर करते. परवा आलेलं काम नेहमीचंच होतं. मुलीकडे जर्मनीला गेलेले आजोबा तिथे आजारी पडले, इस्पितळातून डिस्चार्जपत्र घेऊन परतले आणि आता त्यांची खुब्याची शस्त्रक्रिया व्हायची होती. भूलतज्ज्ञांना संध्याकाळपर्यंत इंग्रजी प्रत हवी होती.

जुन्या आजारांच्या यादीत एक ओळ होती: 'त्सुष्टांड नाख', म्हणजे पूर्वी होऊन गेलेला, आणि पुढे फक्त एच.डब्ल्यू.आय. जर्मन डॉक्टर ही तीन अक्षरं मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी वापरतात आणि हृदयाच्या मागच्या भिंतीला आलेल्या झटक्यासाठीही. भूल देणाऱ्याला पहिल्या अर्थाचं फारसं काही वाटणार नाही. दुसऱ्या अर्थाने त्याचा सगळा बेत बदलेल.

मी उरलेलं पत्र चाळलं. प्रोस्टेट वाढल्याची नोंद होती, म्हणजे संसर्ग शक्य. हृदयविकारात देतात ते मेटोप्रोलोल चालू होतं, पण यादीत अनियमित ठोक्यांचं निदानही होतं आणि ते औषध त्यासाठीही देतात. टूडी एकोचा रिपोर्ट 'सोबत जोडला आहे' असं पत्रात लिहिलेलं, पण स्कॅनमध्ये ते पान नव्हतंच. पानं मोजून स्कॅन करणं एवढं कठीण का असतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तेव्हा मी मूळ अक्षरं तशीच ठेवली आणि लगेच पुढे चौकोनी कंसात लिहिलं: 'भाषांतरकाराची टीप: हे संक्षिप्त रूप मूळ पत्रात उलगडलेलं नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटका, दोन्ही अर्थ प्रचलित. पत्रातून निर्णय होत नाही. एकोचा रिपोर्ट मिळालेला नाही.' टीप तळटीपेत ढकलली नाही, कारण डॉक्टर निदानांचा तेवढा भाग फोनवर फोटो काढून एकमेकांना पाठवतात आणि तळटीप मागे राहते. मला कोणता अर्थ जास्त संभवनीय वाटतो, हेही लिहिलं नाही. माझा अंदाज एकदा टायपात आला की तो निदानासारखा दिसतो.

स्वतःच्या शंकेसाठी मी प्रश्नचिन्ह कधीच वापरत नाही. त्याच पत्रात न्यूमोनियापुढे तिथल्या डॉक्टरांचं प्रश्नचिन्ह होतं. ते त्यांचं, म्हणून जसंच्या तसं आलं. त्यात माझं एक मिसळलं असतं, तर शंका रोगाबद्दल आहे की वाचण्याबद्दल, हे वाचणाऱ्याला कळलं नसतं. न लागणाऱ्या अक्षरालाही वेगळा शब्द असतो: 'अवाचनीय', आणि किती शब्द ते. हाताने लिहिलेल्या औषधाच्या डोसात एक आकडा तसाच होता. जर्मन लोक एकाच्या डोक्याला इतकी लांब रेघ काढतात की आपल्याला तो सात वाटतो. इथे मात्र खालीच दुसरीकडे आडवी रेघ मारलेला सात सापडला, म्हणून हा एक हे खात्रीने लिहिता आलं आणि टीप लागली नाही. उगीच टिपा पेरल्या की खरी टीप कोणी वाचत नाही.

रक्त पातळ करणारं मार्कुमार हे नावही बदललं नाही. कंसात फेनप्रोकुमॉन हा घटक दिला. एजन्सीच्या मॅनेजरने सुचवलं, 'मॅडम, वॉरफरिन लिहा ना, इथे तेच ओळखतात.' दोन्ही एकाच गटातली असली तरी वॉरफरिनचं अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण दीड-दोन दिवस, याचं पाच-सहा दिवसांच्या आसपास. शस्त्रक्रियेआधी किती दिवस बंद करायचं, हे त्या नावावरच ठरतं.

मग त्याने कंसही काढायला सांगितलं. 'क्लायंटला क्लीन डॉक्युमेंट हवं असतं.' स्वच्छ म्हणजे अज्ञान झाकलेलं, अशी या धंद्यात समजूत आहे. मी नाही म्हटलं आणि तसंच पाठवलं.

दुसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञांचा फोन आला. 'तुम्हाला स्वतःला काय वाटतं?' मी कोणत्या पानावर कोणता पुरावा आहे तेवढं सांगितलं. ते म्हणाले, 'मग मी इथे एको करून घेतो आणि मुलीला तिथल्या डॉक्टरांना विचारायला सांगतो.' शस्त्रक्रिया दोन दिवस पुढे गेली. उत्तर आलं: मूत्रमार्गाचा संसर्ग. घरचे चिडले, मॅनेजर म्हणाला, 'बघा, काहीच नव्हतं.'

त्या दोन दिवसांचा हिशेब मी अजून मांडतेय. खुब्याच्या वेदनेत दोन दिवस थोडे नसतात. पण ते पुढे गेले गाळलेल्या पानामुळे, हे मॅनेजरला कसं पटवायचं कळत नाही. एजन्सीच्या फॉर्मवर 'जोडपत्रं तपासली का' असा रकाना घालायची विनंती मेलवर केली आहे. उत्तर आलेलं नाही, आणि काल आलेल्या कामातही 'सोबत जोडलेला' ईसीजी नव्हता.