पथकासाठी फ्री साईज लेगिंग्ज घेताना: कोणाला बसते, कोणाला नाही

आमच्या ढोल-ताशा पथकात मुलींचा गणवेश म्हणजे पांढरा कुर्ता आणि पांढरी चुडीदार लेगिंग. गणपतीच्या आधी खरेदीची जबाबदारी माझ्याकडे आली. पथकात कॉलेजच्या मुलींपासून पन्नाशीच्या काकूंपर्यंत सगळ्या आहेत. कुणी पाच फुटांच्या आत, तर कुणी पाच फूट आठ. सगळ्यांसाठी एकाच मापाचा गठ्ठा उचलला की स्वस्त पडतं, आणि होलसेलवाले दादा सांगत होते, "ताई, फ्री साईज आहे, अठ्ठावीसपासून चाळीसपर्यंत कुणालाही बसते." हा आकडा कमरेचा होता. सीटबद्दल आणि उंचीबद्दल त्यात काहीच नव्हतं, आणि लेगिंग अडते ती बहुतेक वेळा तिथेच. म्हणून आधी एकच नग घरी आणला.

पहिल्यांदा तो धुऊन वाळवला. कॉटन-लायक्राचं होजिअरी कापड पहिल्या धुण्यात लांबीला आटतं, त्यामुळे कोऱ्या नगाचं माप घेऊन उपयोग नसतो. आमचा नग लांबीला साधारण इंचभर आटला. मग फरशीवर सपाट पसरून, अजिबात न ताणता टेप लावली. इलॅस्टिकपाशी आडवं तेरा इंच, म्हणजे कंबर सव्वीस. इलॅस्टिकपासून आठ इंच खाली, जिथे सीट येते तिथे, आडवं सतरा, म्हणजे घेर चौतीस. आसन, म्हणजे इलॅस्टिकपासून दोन पायांमधल्या शिवणीपर्यंतची उंची, पुढून दहा इंच, मागून बारा. आतल्या शिवणीने पायाची लांबी एकतीस.

आता खरा प्रश्न असा की चौतीसचं कापड किती घेरापर्यंत नीट दिसतं? दोन्ही हातांनी ओढलं तर ते पंचेचाळीसपर्यंतही जात होतं, आणि विकणारे हाच आकडा सांगतात. पण ताणलं जाणं वेगळं आणि झाकणं वेगळं. मी मांडीच्या जागी पेनाने चार इंचांवर दोन खुणा केल्या, आत छापील कागद घातला आणि कापड आडवं ओढलं. खुणा पावणेपाच इंचांवर गेल्या तोवर अक्षरं दिसत नव्हती. पाच इंचांवर काळपट छाया दिसायला लागली. सव्वापाचला मथळा वाचता येत होता. म्हणजे हे कापड पाचवा हिस्सा वाढेपर्यंत भरवशाचं, फार तर चौथा हिस्सा. चौतीसमध्ये पाचवा हिस्सा मिळवला की साधारण एक्केचाळीस होतात. हीच या नगाची सीटची खरी मर्यादा, चव्वेचाळीस-पंचेचाळीस नव्हे. आपल्याकडे मिरवणुकीत पाऊस हमखास असतो आणि ओलं पांढरं कापड आणखी आरपार दिसतं, तेव्हा इथे कसलीही सवलत द्यायची नाही असं मी ठरवलं.

मग तो नग वेगवेगळ्या अंगाच्या मैत्रिणींना घालायला दिला. नुसतं उभं राहून काही कळत नाही. प्रत्येकीला उकिडवं बसायला, वाकायला आणि कमरेला ढोल बांधून चालायला लावलं.

उंची पाच फूट दोन, कंबर तीस, सीट अडतीस असलेल्या मुलीला ती जणू तिच्यासाठीच शिवल्यासारखी बसली. घोट्यापाशी दोन-तीन चुण्या पडल्या, त्या चुडीदारला हव्याच असतात.

दुसरी ताई उंचीने जवळपास तेवढीच, पाच फूट तीन, पण कंबर छत्तीस आणि सीट चव्वेचाळीस. लेगिंग चढली, आणि उभी असताना ठीकही दिसली. पण खाली बसल्याबरोबर मागून इलॅस्टिक दोन बोटं घसरलं आणि मांडीवरचं कापड विरळ झालं. शिवाय पहिलीच्या घोट्यावर चुण्या होत्या आणि हिच्या पायाला लेगिंग जेमतेम पुरली. होजिअरीचं कापड आडवं जितकं ताणाल तितकं उभं आखडतं, आणि भरलेल्या सीटवरून वळसा घेण्यातही लांबी खर्च होते. त्यामुळे रुंद अंगाच्या बाईला तीच लेगिंग आखूडही होते. ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, आणि बायकांना उगाच वाटत राहतं की आपलंच अंग बेढब आहे. तसं मुळीच नाही, ते कापडाचं गणित आहे. तासाभराने ताईच्या पोटावर इलॅस्टिकचा लाल वळ उठला होता. सव्वीसचं इलॅस्टिक चौतीसपर्यंत सोसवतं. त्यापुढे ते जातं, पण वर ढोलाचा पट्टा आवळला की वादन संपेपर्यंत काचत राहतं.

तिसरी पाच फूट आठ, कंबर सत्तावीस, सीट छत्तीस. हिला मापाने लेगिंग आरामात बसायला हवी होती. रुंदीला ती बसलीही, पण आसन कमी पडलं. इलॅस्टिक बेंबीच्या बरंच खाली राहिलं, वर ओढलं तर घोटा उघडा, पाय झाकला तर आसन मांडीत लोंबतं. उंच मुलीची पंचाईत पायाच्या लांबीपेक्षा आसनात जास्त असते, आणि आसन ताणून फारसं वाढत नाही.

चौथ्या आमच्या काकू, चार फूट अकरा, कंबर बत्तीस, सीट चाळीस. रुंदी बरोबर, पण घोट्यावर चुण्यांचा ढीग. इलॅस्टिक दुमडून वर घेतलं तर पट्ट्याखाली जाड वळकटी येते, म्हणून खालून कापायचं ठरवलं. तिथे एक काळजी घ्यावी लागते. साध्या सरळ टाक्याने मोहरी दुमडली तर पाय घालताना दोरा तटकन तुटतो. नागमोडी टाका हवा. आणि वर कापलं की मोहरी थोडी रुंद होते, तेवढी शिवणीतून आत घ्यायची, मात्र टाच निघेल इतकी ती ताणली गेली पाहिजे. टाचेवरून टेप फिरवून आधी बघून घ्यावं.

यावरून आमच्या नगाचा अंदाज असा निघाला: कंबर अठ्ठावीस ते चौतीस, सीट पस्तीस ते एक्केचाळीस, उंची पाच फूट ते पाच फूट पाच. सीट चौतीसच्या आत असेल तर कापड अंगाला चिकटत नाही आणि गुडघ्यामागे गोळा होतं. या तिन्हींत जी बसते तिलाच फ्री साईज, बाकीच्यांना मापाची. एक्केचाळीसच्या पुढच्या सीटसाठी डबल एक्सेल, आणि उंच मुलींना सीट कमी असली तरी एक माप मोठी, कारण मोठ्या मापात आसन वाढतं. तिची कंबर मग इलॅस्टिक बदलून कमी करता येते.

काहीजणींना खिसेवाली फ्री साईज स्ट्रेच पँट हवी होती. तीही मोजली. न ताणता सीट अडतीस, पण कापड जाड आणि मोजकंच ताणणारं, बेचाळीसच्या पुढे शिवणी ओढल्या जातात. त्यातही आधी अडते ती मांडी, म्हणून पँट घेताना उकिडवं बसून बघितल्याशिवाय ठरवू नये. पांढरेपणा टिकवायला क्लोरीनचं ब्लीच मात्र दोन्हींना लावू नका. त्याने लायक्रा पिवळा पडतो, ताण जातो, आणि मग वरची सगळी मापं बदलतात.