लांबी नको, सांधे बघा

‘संज्ञाप्रवाही कादंबरीतली ती अर्ध्या-अर्ध्या पानाची वाक्यं वाचायची तरी कशी? आणि त्यात मन दिसतं म्हणतात, ते नेमकं कुठे दिसतं?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. संज्ञाप्रवाही म्हणजे पात्राच्या मनातल्या विचारांच्या ओघाने चालणारी कादंबरी. वाक्य किती लांब आहे ते आधी विसरा. ‘ज्याअर्थी... त्याअर्थी’ करत जाणारा शासन निर्णयही दीड पान लांब असतो, पण त्यात कुणाचं मन सापडायचं नाही. कारण शेवटी काय म्हणायचंय ते पहिला शब्द लिहायच्या आधीच ठरलेलं असतं आणि मधली सगळी कलमं त्या एका क्रियापदाची हमाली करत असतात. ज्या वाक्याला आपण कुठे पोचणार हे ठाऊक नसतं, ते वेगळ्या जातीचं. ते ओळखायचं सांध्यांवरून: स्वल्पविराम, अर्धविराम, कंस, डॅश.

उदाहरण एकच घेऊ, व्हर्जिनिया वूल्फच्या ‘मिसेस डॅलोवे’चं पहिलं पान. ही कादंबरी १९२५ची, वूल्फ नवरा-बायकोच्या स्वतःच्या होगार्थ प्रेसने काढलेली. लंडनमधला जूनचा एक दिवस. क्लॅरिसा डॅलोवे, वय पन्नाशीच्या थोडं पुढे, संध्याकाळच्या पार्टीसाठी फुलं आणायला निघाली आहे. घरात दारं बिजागऱ्यांवरून उतरवायची आहेत, त्याला माणसं येणार आहेत. सकाळ ताजी आहे. आणि तेवढ्यात ती बोर्टनच्या माहेरच्या घरात आहे, अठरा वर्षांची. काचेचं दार ढकलून मोकळ्या हवेत झेपावते आहे, बिजागरी किंचित कुरकुरते आहे.

लंडनहून बोर्टनला आपण कशावरून गेलो? बिजागरीवरून. ‘तिला आठवलं’ असं कुठेही लिहिलेलं नाही. आजच्या दारांची बिजागरी तेव्हाच्या दाराला लागली, बस्स. आणि त्या कुरकुरीला लागूनच एक छोटं पोटवाक्य आहे: जी तिला आत्ताही ऐकू येत होती. दोन स्वल्पविरामांच्या बेचक्यात तीस-पस्तीस वर्षं बसवली आहेत.

पुढचं वाक्य हवेबद्दल सुरू होतं आणि पार फुलकोबीपर्यंत जातं. हवा शांत, लाटेसारखी. गार, बोचरी, आणि तरीही (तेव्हाच्या त्या अठरा वर्षांच्या मुलीच्या मानाने) गंभीर. खिडकीशी उभं असताना काहीतरी भयंकर घडणार असं वाटणारी. हा कंस नीट बघा. अठरा वर्षांची मुलगी स्वतःला ‘अठरा वर्षांच्या मुलीच्या मानाने’ म्हणत नाही. तो आवाज आजच्या बाईचा आहे, थोडा समजूतदार, थोडा थट्टेचा. म्हणजे एकाच वाक्यात दोन वयांच्या क्लॅरिसा आहेत, आणि त्यांच्यामधली भिंत म्हणजे हे दोन गोल कंस.

मग ती नुसती बघत उभी राहते: फुलं, झाडं, उडणारे-बसणारे कावळे. या सगळ्या पट्ट्यात क्रियापदं ‘करत, बघत, उभी राहत’ अशी लोंबकळती आहेत, एकही पुरं होत नाही. वाक्याला थांबवायला कुणीतरी बाहेरचं यावं लागतं. तो म्हणजे तिचा जुना मित्र पीटर वॉल्श. तो म्हणतो, भाजीपाल्यात चिंतन चाललंय वाटतं? लगेच डॅश: असंच म्हणाला ना? मग, मला फुलकोबीपेक्षा माणसं बरी वाटतात. पुन्हा डॅश, पुन्हा: असंच ना?

मला या पानातली सगळ्यात मोलाची जागा हीच वाटते. अवतरणचिन्ह म्हणजे खात्री. अमुक माणूस हेच शब्द बोलला, अशी ग्वाही. वूल्फ अवतरणचिन्ह देते आणि लागलीच डॅशने ती ग्वाही काढून घेते. आठवण तयार माल म्हणून येत नाही, ती तुमच्या डोळ्यांदेखत जुळवली जाते. पुढच्या वाक्यात तर ‘न्याहारीच्या वेळी म्हणाला असणार’ असा अंदाजच आहे. आणि परिच्छेद संपतो तेव्हा, लाखो गोष्टी विसरल्या तरी त्याची ही असली वाक्यं कशी लक्षात राहतात याचं तिला नवल वाटतं, तेव्हा फुलकोबीची साधी कोबी झालेली असते! लेखिका दुरुस्त करत नाही, टीप देत नाही. भरभर वाचणाऱ्याच्या हे हमखास नजरेतून सुटतं. पीटरच्या आठवणींच्या त्याच यादीत त्याचा खिशातला चाकूही आहे. त्याच सकाळी तो स्वतः तिच्या घरी येतो तेव्हा तोच चाकू उघडझाप करत बसतो. म्हणजे शब्द हलले, वस्तू टिकली.

आता एक प्रयोग करा. हाच परिच्छेद पूर्णविराम घालून लिहा. ‘क्लॅरिसा अठरा वर्षांची असताना बोर्टनला राहत असे. एके सकाळी ती खिडकीशी उभी होती. तिला भीती वाटली. पीटर आला. त्याने फुलकोबीवरून थट्टा केली.’ माहिती बहुतेक सगळी आली. पण भीती आणि थट्टा या दोन वेगळ्या घटना झाल्या. मूळ वाक्यात त्या दमात दम मिसळून आहेत, म्हणून पीटरची थट्टा त्या भीतीच्या ऐन मध्यावर येऊन पडते. हा माणूस नेहमी असाच मध्ये येतो, हे वूल्फ सांगत नाही, वाक्याची घडण सांगते.

आणि लगोलग पुढे काय येतं? ती फुटपाथच्या कडेला जराशी ताठ झाली, एक व्हॅन जायची वाट बघत. आखूड वाक्य, पूर्णविराम. मन बोर्टनला असेल, पण शरीराला रस्ता ओलांडायचाय.

इथे एक इशारा. लांब वाक्य म्हणजे बिथरलेलं मन, असं समीकरण मांडू नका. याच कादंबरीत युद्धावरून परतलेला सेप्टिमस आहे, ज्याचं मन खरोखरच ढासळलंय. त्याची वाक्यं कशी आहेत? माणसांनी झाडं तोडू नयेत. देव आहे. जग बदला. ताठ, तुटक, पूर्णविरामांची. मधले सांधेच निखळलेत. प्रत्येक वाक्य शिलालेखासारखं एकटं. (हे साक्षात्कार तो पाकिटांच्या पाठीवर टिपून ठेवतो, हेही कंसातच सांगितलंय.) क्लॅरिसाचे अर्धविराम म्हणजे उलट तिच्या धडधाकटपणाचा पुरावा: तिला एका गोष्टीवरून दुसरीवर जाता येतं आणि परतही येता येतं.

आणि विरामचिन्हंच नसतील तर? जॉइसच्या ‘युलिसिस’चं (१९२२) शेवटचं प्रकरण तसं आहे, मॉली ब्लूमची आठ प्रचंड वाक्यं, स्वल्पविराम जवळजवळ नाहीच. तिथे सांधे सर्वनामांत शोधावे लागतात. मॉलीचा ‘तो’ कधी नवरा, कधी प्रियकर, कधी जिब्राल्टरचा जुना मित्र, आणि बदल सांगायला काहीही नाही. अगदी शेवटी मूरिश भिंतीखाली चुंबन घेणारा ‘तो’ एक आहे आणि थोड्याच शब्दांनंतर ज्याला ती पुन्हा विचारायला लावते तो ‘तो’ दुसरा, नवरा. मधे तिचं ‘हा काय नि दुसरा काय’ छापाचं वाक्य आहे, नेमक्या त्या अदलाबदलीवर. तेव्हा मॉलीकडे जाताना पेन्सिल न्या आणि प्रत्येक ‘तो’वर नाव लिहीत चला. काही ‘तों’वर दोन नावं लिहावी लागतील, ती खोडू नका.